शेवटच्या रांगेतून काय दिसतं

पडदा वर जातो, तेव्हा खोलीत अंधार आणि बाहेर टळटळीत दुपार.

जिना चढून आलं की दोन खोल्या. खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याच्या कानशीची करकर जिन्यातून वर येते. वरच्या पहिल्या खोलीत खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, कारण उजेड आला की पडद्यावरचे रंग खोटे दिसतात. दोन टेबलं, संगणकाचे तीन पडदे. टेबलाखाली पेटीएवढं यंत्र. काम जड झालं की त्याचे पंखे जोरात फिरू लागतात, आणि नव्या माणसाला वाटतं, टेबलाखाली कोणीतरी धापा टाकत बसलंय.

उजव्या टेबलाशी त्रेसष्ट वर्षांचा एक माणूस. चष्मा कपाळावर, आणि हात शर्टाच्या खिशात चष्मा शोधतोय. त्याला सगळे पडदेवाले म्हणतात. डाव्या टेबलाशी त्याची सून, पाय खुर्चीवर दुमडून, कानात गाण्याची बोंडं.

"सूनबाई, चष्मा बघितलास?"

"तुमच्या डोक्यावर बसलाय, बाबा. माझ्यासारखाच."

पडदेवाले हसले. चष्मा खाली आला आणि समोरचं पत्र दिसू लागलं. पत्र नाट्यगृह समितीच्या चिटणीसबाईंचं होतं. या बाई जुन्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत तीस वर्षं बसल्या. ते नाट्यगृह पाडलं आणि त्याच जागी नवं बांधायचं ठरलं, तेव्हा समितीत काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून त्या चिटणीस झाल्या. पत्र त्यांच्या बोलण्यासारखंच सरळ होतं.

"पडदेवाले यांस नमस्कार. आमच्यात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, तुम्ही काढलेली सहा चित्रं झकास आहेत, आणखी काही नको. दुसरा म्हणतो, आता संगणकावर इमारतीत आपण स्वतः हिंडू शकतो, तसा वॉकथ्रू करून घ्या, तो चित्रांपेक्षा चांगला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. शनिवारी चार वाजता बैठक आहे. त्यात नकाशे पक्के होतील आणि सोमवारी पाया खणायला घेतील. नंतर वीट हलणार नाही. शेवटच्या तीन रांगा मी शिवणकामाच्या बायकांना, हमालांना आणि आपल्या चहावालीला कायमच्या देण्याचा शब्द दिला आहे. जुन्या नाट्यगृहात त्यांच्यापुढे खांब होता. आता त्यांना नाटक दिसलं पाहिजे, एवढंच मला समजतं. तर आमच्या इमारतीसाठी काय चांगलं, चित्रं की वॉकथ्रू? उद्यापर्यंत खरं ते लिहा."

पडदेवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा अंगठा "खरं ते" या दोन शब्दांवर थांबला.

हा माणूस जन्मला तोच रंगाच्या वासात. बाप नाटकांचे पडदे रंगवायचा. जंगल, महाल, रस्ता, नदीकाठ. हा पोरगा बारा वर्षांचा असल्यापासून सरस उकळायचा, खडू कुटायचा, आणि चाळीस फुटी कापडावर अनवाणी चालत बापाने आखलेल्या रेषा भरायचा. बापाचं एक गुपित होतं. महालाचे खांब लांब जाताना दिसावेत म्हणून तो रेषा आखायचा, त्या सगळ्या प्रेक्षागृहातल्या एकाच खुर्चीसाठी. मधली, सहाव्या रांगेतली, कंपनीच्या मालकाची. तिथून बघितलं तर महालात शिरावंसं वाटे. बाजूच्या खुर्चीतून तोच महाल जरासा कलायचा, आणि शेवटच्या रांगेतून काय व्हायचं, ते फक्त अक्का सांगायची.

अक्का म्हणजे पडदेवाल्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर भावाला तिनंच वाढवलं. नटांचे कपडे शिवायची आणि कामाच्या बदल्यात शेवटच्या रांगेत बसून फुकट नाटक बघायची. घरी आली की पायातली चप्पल काढायच्या आधी बोलायची, "आज तुमचा महाल दारू प्यायला होता. अन् राजा खांबामागे मेला. मेल्याचं मला टाळ्यांवरून कळलं."

पुढे नाटकं कमी झाली, पडद्यांची जागा दिव्यांनी घेतली. पडदेवाल्यांनी हार मानली नाही. आर्किटेक्टांसाठी जलरंगात इमारती रंगवल्या. मग संगणक आला. चाळिशी उलटलेला हा माणूस वर्गात विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकला, आणि चार वर्षांत असा तयार झाला की न बांधलेल्या इमारतीच्या पायरीवर त्याने पाडलेलं संध्याकाळचं ऊन बघून लोक तिथं बसायला बघत.

त्याची एक खोड मात्र जगावेगळी होती. इमारतींच्या चित्रात माणसं घालावी लागतात, नाहीतर इमारत केवढी ते कळत नाही. ती माणसं विकत मिळतात, फोटोतून कापून ठेवलेली, सगळी हसरी आणि दात चुन्यासारखे. पडदेवाल्यांना ती बघवेनात. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी गच्चीत पांढरी चादर टांगली आणि ओळखीच्या एकेचाळीस जणांचे उभे-बसलेले फोटो काढले. खालचा कुलुपवाला, त्याची आई, जुन्या नाटकाचा प्रॉम्प्टर, दोन हमाल, शेजारपाजारचे, आणि अक्का. अक्का स्टुलावर बसली होती. फोटो निघाला त्या क्षणी ती दातांनी दोरा तोडत होती आणि भुवयांखालून भावाकडे बघत होती, लहानपणी तो काही लपवायचा तेव्हा बघायची तशी.

तेव्हापासून ही एकेचाळीस माणसं पडदेवाल्यांच्या प्रत्येक इमारतीत जाऊन राहिली. दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या पायरीवर, शाळेच्या फाटकाशी. त्यांतली एकोणीस आता या जगात नव्हती. अक्काला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पडदेवाल्यांनी एकालाही काढलं नव्हतं.

"काय लिहिताय?" सूनबाईनं कानातलं एक बोंड काढलं.

"त्या विचारतात वॉकथ्रू चांगला की चित्रं."

"वॉकथ्रू! त्यात विचारायचंय काय? आणि तो तयार आहे, बाबा."

"तयार? कधी केलास?"

"महिनाभर चाललंय माझं, हात बसावा म्हणून. आर्किटेक्टांचं संगणकातलं सगळं मॉडेल उचललं, रंग लावले, दिवे लावले. रिकाम्या खुर्च्या मसणासारख्या दिसत होत्या, म्हणून तुमची माणसं बसवली. चारशे बारा खुर्च्या, एकेचाळीस माणसं. प्रत्येक जण दहा वेळा, दोघे हमाल अकरा वेळा. बघा तरी."

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला, बाण कसे दाबायचे ते दाखवलं आणि डबा उघडून मागच्या खोलीत जेवायला गेली. टेबलाखालचे पंखे चढले.

पडदेवाले दारातून आत शिरले.

आत म्हणजे पडद्यावर, हे त्यांना माहीत होतं. तरी शिरले असंच म्हणायला हवं. चित्र करताना त्यांनी हे नाट्यगृह सहा ठिकाणांहून पाहिलं होतं, आणि ती सहाही ठिकाणं त्यांनीच निवडली होती. आता बाण दाबला की पाऊल पडत होतं, माऊस वळवला की मान वळत होती. उजेड त्यांच्या चित्रांइतका मऊ नव्हता. पितळी कठड्यातलं प्रतिबिंब जरा ढोबळ होतं. एकेका चित्रासाठी यंत्राला तासन् तास मिळतात, इथं त्याला सेकंदाला साठ चित्रं काढायची असतात, मग कुठे कुठे काटकसर होणारच. हे सगळं ते सवयीनं टिपत होते. पायऱ्या चढून ते रंगमंचावर गेले आणि प्रेक्षागृहाकडे तोंड केलं.

चारशे बारा माणसं त्यांच्याकडे बघत होती.

बरोबरच आहे, प्रेक्षक रंगमंचाकडेच बघणार. ते चार पावलं डावीकडे सरकले. चारशे बारा माणसं तितकीच वळली. ते उजव्या विंगेपर्यंत गेले. सगळा जमाव, पाठीचा कणा खिळ्यावर बसवावा तसा, न हलता वळला. आवाज नाही, खोकला नाही, खुर्चीची करकर नाही. ते थांबले की तीही थांबत. पाऊल उचललं की पुन्हा.

पडदेवाल्यांना कारण माहीत होतं. फोटोतली माणसं कागदासारखी चपटी. बाजूनं बघितली तर सुरीच्या पात्याएवढी दिसतील, म्हणून संगणकाला सांगून ठेवतात की यांचं तोंड सतत बघणाऱ्याकडे ठेव. संगणकावरच्या खेळांमध्ये लांबची झाडं अशीच वळवतात. सूनबाईनं तेच केलं होतं. कारण माहीत होतं, तरी त्यांच्या मानेवर काटा आला तो आला.

ते पायऱ्या उतरून मधल्या वाटेनं चालू लागले. आणि आता प्रेक्षकांनी रंगमंचाकडे पाठ फिरवली. पुढच्या रांगा वळून मागे, मागच्या समोर, बाजूच्या आडव्या. प्रॉम्प्टर दहा ठिकाणांहून बघत होता. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. कुलुपवाल्याची आई दहा ठिकाणांहून. खालून कानशीचा आवाज येत होता, म्हणजे तिचा लेक जिवंत होता आणि काम करत होता, आणि वर तिची दहा तोंडं अंधारात पडदेवाल्यांबरोबर फिरत होती.

आणि दहा अक्का. दहाही जणी दोरा तोडत, भुवयांखालून.

"बघतेस काय अशी?" पडदेवाले मोठ्यानं बोलून गेले.

"मला म्हणालात?" आतून सून.

"नाही, नाही. जेव तू."

वास्तविक त्यांना कळलं होतं, अक्का कशाबद्दल बघते आहे ते. म्हणूनच त्यांची पावलं शेवटच्या रांगेकडे जात नव्हती. बाराव्या रांगेशी ते घुटमळले, परत फिरावं असा विचार केला, आणि मग ओठ दाबून बाण धरून ठेवला.

शेवटची रांग बाल्कनीखाली होती. वर छत अंगावर आल्यासारखं. रांगेच्या मधल्या खुर्चीत अक्का. ते जवळ गेले, अजून जवळ, आणि एका पावलात अक्का नाहीशी झाली. फोटो चिरून ते पलीकडे निघाले होते. चपट्या माणसाला आत काही नसतं आणि मागून तर ते दिसतच नाही. आता ते अक्काच्या जागी होते. तिथून त्यांनी रंगमंचाकडे वळून पाहिलं.

सूनबाईनं रंगमंचावर मागच्या बाजूला एक उंच चौथरा मांडला होता आणि त्यावर तीन माणसं उभी केली होती. त्या तिघांना डोकी नव्हती.

खांद्यावर काळी रेघ आणि त्यावर फक्त बाल्कनीची कड. तीन धडं, हात जागच्या जागी, छाती पडदेवाल्यांकडे वळलेली.

उभं राहून बघतोय म्हणून असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. माणूस इथं बसणार. त्यांनी बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची उभ्या माणसाची होती, ती बसलेल्याची केली. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत. दृश्य खाली आलं, बाल्कनीची कड किंचित वर सरकली. तिघांच्या हनुवट्या दिसल्या. डोकी नाहीतच.

पंखे टेबलाखाली धापा टाकत होते.

आता त्यांची चोरी सांगायला हवी. सहा चित्रांतलं चौथं होतं "शेवटच्या रांगेतून". तेच समितीच्या खोलीत चौकटीत लागलं होतं, तेच बघून चिटणीसबाईंनी शब्द दिला होता. ते चित्र करताना बाल्कनीचं काळं छत वरचा तिसरा हिस्सा खाऊन टाकत होतं. आर्किटेक्ट म्हणाले, जरा मोकळं करा. मुदत दुसऱ्या दिवसाची. पडदेवाल्यांनी या धंद्यातली एक साधी कळ दाबली. त्या कळीनं वस्तू इमारतीत राहते, तिची सावली पडते, पण कॅमेऱ्याला ती दिसत नाही. बाल्कनी गेली. रंगमंच वरपर्यंत उघडला, सोन्यासारखा. शेवटच्या रांगांवर मात्र एक रुंद सावली आडवी पडून राहिली, आणि ती पाडणारं चित्रात काहीच नव्हतं. तीन महिन्यांत शेकडो लोकांनी ते चित्र पाहिलं. कोणी विचारलं नाही, ही सावली कशाची.

फोन वाजला. आर्किटेक्ट.

"पडदेवाले, बाईंचं पत्र आलं ना? मलाही प्रत आलीय. दोन ओळी लिहून टाका, चित्रं पुरेशी आहेत म्हणून."

"साहेब, मी आत्ता मागच्या रांगेत बसून आलो."

"कुठं बसून आलात?"

"वॉकथ्रूमध्ये. मागून चौथऱ्यावरच्या माणसांची डोकी दिसत नाहीत."

पलीकडे नकाशाचा कागद खरखरला.

"चौथऱ्यावर रोज कोण उभं राहतंय? आणि हे बघा, बाल्कनी वर घ्यायची म्हणजे तिची एक रांग जाते, जिना बदलतो, तुळई बदलते. दोन महिने जातात. शनिवारवर आलंय सगळं. तुमच्या त्या चित्राचं काय सांगाल? मोकळं करा मी म्हणालो होतो, बाल्कनी गिळा म्हणालो नव्हतो."

"ते खरं आहे."

"मग? कशाला स्वतःच्या पायावर... लिहा, चित्रं पुरेशी. आपलं पुढचं काम आहेच, शाळेचं."

फोन ठेवला. या आर्किटेक्टांकडूनच पडदेवाल्यांचं चारातले तीन हिस्से काम येई. सूनबाई हात पुसत दारात उभी होती. तिनं बरंच ऐकलं होतं.

"बाबा, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या फाइलमधली कळ. मी मॉडेल सरळ आर्किटेक्टांकडून घेतलं, त्यात बाल्कनी होती, म्हणून दिसली."

"तुला कसं माहीत असणार. मीच विसरलो होतो." मग त्यांनी मान हलवली. "विसरलो नव्हतो. बघायचं टाळत होतो."

"मग काय लिहिणार?"

"आधी ही माणसं वळायची बंद कर, बाई. जीव खातात."

ती हसली, पण पडद्यावर नजर जाताच तिचं हसू आटोपलं. चारशे तोंडं शेवटच्या रांगेकडे. तिनं घाईघाईनं दोन कळा दाबून सगळ्यांना जागच्या जागी गोठवलं आणि फाइल जतन करून यंत्र बंद केलं. पंखे थांबले. खोली इतकी शांत झाली की कुलुपवाला खाली शिंकला ते ऐकू आलं.

पडदेवाल्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदा दोन ओळी लिहिल्या, आर्किटेक्टांनी सांगितल्या तशा, आणि पुसल्या. मग खुर्चीत नीट बसून लिहिलं. ते पत्र असं होतं:

"चिटणीसबाईंना नमस्कार. तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या कामाच्या आहेत. पुस्तिका छापायची, फलक लावायचा, लोकांना इमारत आवडावी असं वाटतं, तर स्थिर चित्रं चांगली. त्यांत उजेड, पोत, प्रतिबिंबं अधिक बारीक येतात, मोठी छापली तरी फुटत नाहीत, आणि ती बघायला यंत्र लागत नाही. वॉकथ्रूला तगडा संगणक लागतो, दिसायला तो जरा भरड असतो, आणि काहींना त्यात हिंडताना गरगरतं. पण चित्रात कुठं उभं राहायचं ते मी ठरवतो. वॉकथ्रूमध्ये ते तुम्ही ठरवता. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या रांगेतून काय दिसतं हा आहे, आणि त्याला वॉकथ्रूच हवा. तोही डोळे झाकून खरा मानू नका. बघणाऱ्याची उंची बसलेल्या माणसाएवढी आहे का आणि नजरेची रुंदी, म्हणजे एका वेळी किती भाग दिसतो ते, अवाजवी वाढवली आहे का, हे आधी विचारा. आमच्यात ते बरोबर लावलं आहे.

आता दुसरं. तुमच्या भिंतीवर जे चौथं चित्र आहे, त्यात बाल्कनी आहे, पण मी ती दिसू दिलेली नाही. तिची सावली तेवढी राहिली आहे. हे कोणी सांगितलं नव्हतं, मी केलं. शनिवारी आम्ही यंत्र घेऊन येतो. तुम्ही स्वतः बसून बघा. आर्किटेक्टांना या पत्राची प्रत देत आहे."

सूनबाईनं खांद्यावरून वाचलं. "शाळेचं काम गेलं," ती म्हणाली.

"जाईल."

"पाठवा मग. काय बघताय?"

त्यांनी पाठवलं.

शनिवारी चार वाजता समितीची खोली. लांब टेबल, अकरा खुर्च्या, भिंतीवर पितळी चौकटीत ते चौथं चित्र. अध्यक्ष निवृत्त हाडांचे डॉक्टर, बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. आर्किटेक्ट एका टोकाला, नकाशे पसरून. चिटणीसबाई दाराशी उभ्या. त्यांनी पत्र घडी करून हातात धरलं होतं आणि पडदेवाल्यांकडे पाहिलं ते तिकीट खिडकीतून बघावं तसं, सुटे पैसे आहेत की नाहीत ते जोखत.

"हे पत्र मी वाचून दाखवलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आधी बघतील, मग वाचीन. नाहीतर चित्रावरूनच भांडत बसतील."

सूनबाईनं यंत्र प्रोजेक्टरला जोडलं, दिवे मालवले, भिंतीवर नाट्यगृह उमटलं. दृश्य रंगमंचावर सुरू झालं, समोर प्रेक्षागृह.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरसावले.

चारशे बारा खुर्च्या भरलेल्या होत्या आणि सगळी माणसं रंगमंचाकडे पाठ करून बसली होती. म्हणजे पाठही नव्हती. पुढच्या रांगांत नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, कारण चपट्या माणसांना मागची बाजू नसते. सूनबाईनं ओठ चावला. परवा तिनं माणसं गोठवली, तेव्हा बाबा शेवटच्या रांगेत होते. माणसं त्याच क्षणात अडकली होती.

"माणसं कुठायत?" अध्यक्ष म्हणाले. "बैठकीच्या पत्रिकेत लिहिलंय, प्रेक्षकांसह."

सूनबाई वाटेनं चालू लागली. जसजशी पुढे जाऊन मागे वळून बघू लागली, तसतसे चेहरे उगवू लागले. रिकाम्या खुर्चीतून एकदम तोंड. पुन्हा तोंड. पहिल्या रांगेतला हमाल मान पाठीवर वळवून बसलेला. प्रॉम्प्टर. अक्का.

"अहो, ही... ही तर शिवणकामाची अक्का," चिटणीसबाईंनी बोट दाखवलं. "आणि हा आपला प्रॉम्प्टर. मी याला रोज पास द्यायची."

"सगळे मागे कुठं बघतायत?" अध्यक्षांनी शेजाऱ्याचं मनगट धरलं होतं. "नाटक पुढं, आणि हे मागे का बघतायत?"

"तांत्रिक चूक आहे," सूनबाई म्हणाली. "माझी. क्षमा करा, मी आत्ता..."

"थांब गं," चिटणीसबाई म्हणाल्या. त्या पुढे झाल्या होत्या, प्रकाशात अर्ध्या उभ्या, त्यांच्या गालावर कोणाचा तरी खांदा पडला होता. "ते बघतायत तिथं जाऊ. मला ने."

सूनबाईनं पडदेवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ती शेवटच्या रांगेत गेली, मधल्या खुर्चीशी थांबली, डोळ्याची उंची खाली आणली आणि हळूच रंगमंचाकडे वळली. आता चारशे तोंडं समोर होती, प्रत्येक बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून. आणि त्यांच्या डोक्यांवरून लांब, उजेडात, चौथऱ्यावर तीन माणसं. हनुवटीपर्यंत.

एका सभासदानं खुर्ची मागे सारली. कोणीतरी पुटपुटलं, "अरे देवा."

"हे असं दिसणार?" अध्यक्षांनी विचारलं. "चित्रात तर..." आणि ते उठले, भिंतीवरच्या चौकटीपाशी गेले, फोनचा दिवा लावून चित्र न्याहाळू लागले. एकदा चित्र, एकदा भिंतीवरचं दृश्य. मग त्यांचं बोट चित्राच्या खालच्या भागात थांबलं. तिथं खुर्च्यांवर ती सावली आडवी होती. "ही सावली कशाची?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. चिटणीसबाईंनी पत्राची घडी उघडली आणि फोनच्या त्याच उजेडात ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. भिंतीवर चारशे माणसं ऐकत असल्यासारखी बसली होती.

मग बरंच बोलणं झालं. आर्किटेक्ट तुळईबद्दल बोलले, दोन महिन्यांबद्दल बोलले. कोणी म्हणालं, चौथरा ठेवूच नका. चिटणीसबाई म्हणाल्या, "जुन्या नाट्यगृहात खांब होता, तेव्हाही हेच म्हणाले होते. त्यांना टाळ्यांवरून कळेल, म्हणाले." अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. अकरांपैकी आठ हात वर झाले. सोमवारी पाया खणायचा नाही. बाल्कनी उचलायची, तिची एक रांग गेली तरी चालेल, मग पुन्हा बघायचं.

दिवे लागले. भिंतीवरची माणसं एकदम फिकी झाली आणि गेली. आर्किटेक्ट कागद गुंडाळत पडदेवाल्यांशी न बोलता बाहेर पडले. अध्यक्षांनी पडदेवाल्यांचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, रागावले आहेत की नाडी बघत आहेत ते कळेना.

"आता नव्या बाल्कनीची नवी चित्रं लागतील," ते म्हणाले. "तुम्हीच कराल ना?"

पडदेवाल्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"करीन. पण या वेळी बाल्कनी आर्किटेक्टांनाच उचलू द्या. मागच्या वेळी मी उचलली होती."